जाहिरात किती महिने कमावते?

कांदा-लसूण मसाल्याचा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याचा माल सोलापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जातो. सोलापूर जिल्ह्यात महिन्याला 20 हजार पाकिटं खपतात, सांगलीत 10 हजार. मालकाने मार्च महिन्यात फक्त सोलापुरात जोरदार जाहिरात केली. एसटीच्या मागच्या बाजूला पाट्या लावल्या, स्थानिक केबलवर आणि वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, आठवडी बाजारांतून स्पीकरची रिक्षा फिरवली. या सगळ्याचा खर्च 6 लाख रुपये झाला. महिना संपला तेव्हा सोलापुरात 34 हजार पाकिटं खपली होती.

जाहिरातवाला खूश. त्याचं म्हणणं, 14 हजार पाकिटं जास्त गेली, पाकिटाला 80 रुपये म्हणजे 11 लाख 20 हजार आले, 6 लाखांचे जवळपास दुप्पट झाले. कारखान्याचा हिशेबनीस मात्र मान हलवतो. पाकिटामागे सुटतात 24 रुपये, म्हणून आले 3 लाख 36 हजार आणि गेले 6 लाख. त्याच्या मते पावणेतीन लाखांच्या आसपास पैसा पाण्यात गेला.

उदाहरण मी रचलेलं आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून नेटके घेतले आहेत. पण हा वाद खरा आहे. जाहिरातीवर पैसे घालणाऱ्या प्रत्येक लहान-मोठ्या धंद्यात तो होतो आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. वास्तविक इथे दोघेही चुकले आहेत. कसे, ते एकेक पायरी चढत पाहू.

खपलेलं सगळं जाहिरातीचं नसतं

पहिली पायरी म्हणजे जाहिरात नसती तर किती खपलं असतं, हे ठरवणं. हिशेबनिसाने आणि जाहिरातवाल्यानेही 34 हजारांतून नेहमीचे 20 हजार वजा केले. पण मार्च म्हणजे मसाल्याचा हंगाम. नवी लाल मिरची बाजारात आलेली असते, घरोघरी वर्षाच्या तिखट-मसाल्याची तयारी चालू असते आणि तयार मसाल्यालाही उठाव असतो. मग या 14 हजारांतला हंगामाचा वाटा किती?

याचं उत्तर सांगलीच्या वहीत आहे. तिथे जाहिरात नव्हती, तरी मार्चमध्ये खप 10 हजारांवरून 12 हजारांवर गेला. म्हणजे हंगामाने 20 टक्के वाढ दिली. सोलापुरालाही हंगामाने तेवढंच दिलं असतं, तर तिथे जाहिरातीशिवाय 24 हजार पाकिटं गेली असती. गेली 34 हजार. जाहिरातीच्या नावावर टाकायची ती फक्त 10 हजार.

म्हणूनच जाहिरात करताना एखादा जिल्हा मुद्दाम कोरडा ठेवावा. तो जिल्हा माप घेण्याची पट्टी असतो. मात्र ही पट्टी नीट निवडावी लागते. दोन्ही जिल्ह्यांतला हंगाम सारखा हवा, भाव आणि दुकानदारांच्या योजना त्या काळात सारख्या हव्यात. आषाढी वारीला पंढरपुरात लाखो माणसं येतात. त्या महिन्यात सोलापूर जिल्ह्याचा खप वाढला तर ते श्रेय जाहिरातीला देता येत नाही आणि सांगलीची वहीही तिथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी तेवढ्या महिन्यापुरता पंढरपूर तालुका हिशेबातून बाजूला काढणं हाच उपाय.

आणखी एक खड्डा आहे, तो वितरकाच्या गोदामात. कारखान्यातून गाडी भरून निघालेला माल म्हणजे गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडलेला माल नव्हे. जाहिरात येणार हे कळलं की वितरक जास्त माल भरून ठेवतात. कारखान्याची बिलं पाहिली तर मार्च सोन्यासारखा दिसतो आणि एप्रिल एकदम कोसळतो. म्हणून आकडे घ्यायचे ते वितरकाने दुकानांना दिलेल्या मालाचे आणि जमल्यास काही ठरावीक दुकानांतून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पाकिटांचे.

80 रुपयांतले किती आपले

दुसरी पायरी पैशांची. जाहिरातवाला विक्रीची रक्कम मोजतो, ते चूक. जास्तीचं पाकीट विकलं की जास्तीची मिरची, धणे, खोबरं, लसूण आणि तेलही लागतं. आपल्या उदाहरणात जीएसटी वगळून वितरकाला 80 रुपयांचं बिल जातं. त्यातले कच्च्या मालाचे 41, पाकीट आणि खोक्याचे 4, वीज आणि नगावर दिलेली मजुरी 5, गाडीभाडं आणि दुकानदाराची सूट 6. हे 56 रुपये प्रत्येक जास्तीच्या पाकिटाबरोबर खर्च होतातच. उरले 24.

या 24 रुपयांना हिशेबाच्या भाषेत काँट्रिब्युशन म्हणतात. बाजारात लोक म्हणतात, पाकिटामागे इतके सुटतात. शेडचं भाडं, व्यवस्थापकाचा पगार, यंत्राच्या कर्जाचा हप्ता यात धरायचा नाही, कारण 20 हजार पाकिटं विकली काय आणि 30 हजार विकली काय, ते तेवढेच राहतात. मात्र वाढीव मालासाठी रात्रपाळी लावावी लागली आणि पाकिटामागे 3 रुपये जादा मजुरी गेली, तर सुटतील 21च. जास्तीच्या पाकिटांवर जास्तीचा खर्च नेमका किती, हाच प्रश्न विचारायचा.

या दोन पायऱ्यांनंतर पहिल्या महिन्याची कमाई निघते ती 10 हजार गुणिले 24, म्हणजे 2 लाख 40 हजार. हिशेबनिसाने काढलेल्या आकड्यापेक्षाही ती कमी आहे. इथे थांबलं तर जाहिरात साफ बुडाली असाच निकाल लागेल. पण गोष्ट इथे थांबत नाही.

दहातली सात घरं परत येतात

मार्चमध्ये ज्या घरांनी पहिल्यांदा हा मसाला नेला, त्यातली काही एप्रिलमध्येही तोच नेतात. काही जुन्या मसाल्याकडे परततात. काहींच्या डोक्यातून नावच निघून जातं. काहींना दुकानात माल मिळत नाही म्हणून ती दुसरं पाकीट उचलतात. गळती दर महिन्याला होते आणि ती बहुतेक एका प्रमाणात होते. दहांतली तीन गळली तर सात उरतात, पुढच्या महिन्यात त्या सातांच्या सत्तर टक्के उरतात.

सांगलीची पट्टी पुढेही लावत राहिलं की हे प्रमाण वहीत दिसतं. एप्रिलमध्ये सांगलीत 13 हजार खपली, म्हणून सोलापुरात जाहिरातीशिवाय 26 हजार जायला हवी होती. गेली 33 हजार. जास्तीची 7 हजार. मे महिन्यात सांगली साडेबारा हजार, म्हणजे सोलापूरची अपेक्षा 25 हजार, प्रत्यक्षात 29 हजार 900. जास्तीची 4 हजार 900. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, सांगली 9 हजारांवर आली. सोलापूरची अपेक्षा 18 हजार, प्रत्यक्षात 21 हजार 430, जास्तीची 3 हजार 430. दर महिन्याला आधीच्या महिन्याच्या 70 टक्के.

जूनकडे जरा नीट पाहा. मालकाने नेहमीच्या 20 हजारांशी तुलना केली असती, तर त्याला जेमतेम 1,430 पाकिटं जास्त दिसली असती आणि जाहिरातीचा परिणाम ओसरला असं तो म्हणाला असता. खरं तर पावसाळ्याच्या पडत्या खपात जाहिरात अजून साडेतीन हजारांच्या आसपास पाकिटं ओढत होती.

ही गळती अभ्यासकांनी फार पूर्वी मोजायला घेतली. एम. एल. विडाल आणि एच. बी. वुल्फ या दोघांनी 1957 साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात जो लेख लिहिला, तो आजही या विषयात वाचला जातो. जाहिरात थांबली की विक्री ठरावीक प्रमाणात घसरते आणि हे प्रमाण मालागणिक वेगळं असतं, हे त्यांनी आकड्यांतून मांडलं. बाजारालाही एक छत असतं, हेही त्यांच्या गणितात होतं. खप त्या छताजवळ पोहोचला की तेवढ्याच पैशांत पूर्वीइतकी वाढ मिळत नाही. म्हणूनच आपल्या मसालेवाल्याने 6 ऐवजी 12 लाख घातले असते, तर जास्तीची 20 हजार पाकिटं गेली असती असं धरता येत नाही.

हुंडी वटवावी तसा हिशेब

आता जास्तीची पाकिटं सहा महिने, वर्षभर येत राहणार. पण वर्षाअखेरीस मिळणारा रुपया आणि आज हातात असलेला रुपया एक नव्हे. आपल्या व्यापाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या हजार रुपयांची हुंडी आज वटवायला नेली, तर सावकार पूर्ण हजार देत नसे. मधल्या काळाचं व्याज कापून उरलेले देई. त्या कापलेल्या रकमेला वटाव म्हणतात. जाहिरातीची पुढच्या महिन्यांतली कमाई म्हणजे अशाच हुंड्यांची गड्डी आहे. प्रत्येक हुंडी आजच्या भावाने वटवायची आणि मग बेरीज करायची.

वटावाचा दर कोणता? कारखान्याला उचल ज्या व्याजाने मिळते, त्यात उधारी अडकण्याची थोडी जोखीम मिळवून महिना दीड टक्का धरू. जाहिरातीचा खर्च महिन्याच्या सुरुवातीला झाला आणि कमाई प्रत्येक महिनाअखेरीस हातात आली असं मानू. जुलै आणि ऑगस्टचे आकडे त्याच 70 टक्क्यांच्या चालीने पुढे नेले आहेत.

| महिना | जास्तीची पाकिटं | सुटलेले रुपये | आजचं मोल (रुपये) |
|---|---|---|---|
| मार्च | 10,000 | 2,40,000 | 2,36,453 |
| एप्रिल | 7,000 | 1,68,000 | 1,63,071 |
| मे | 4,900 | 1,17,600 | 1,12,463 |
| जून | 3,430 | 82,320 | 77,561 |
| जुलै | 2,401 | 57,624 | 53,490 |
| ऑगस्ट | 1,681 | 40,337 | 36,890 |

शेवटच्या रकान्याची बेरीज करत खाली या. चार महिन्यांत 5 लाख 89 हजार होतात, खर्चाला साधारण दहा हजार कमी. पाचव्या महिन्यात खर्च वसूल होतो. सहा महिन्यांची बेरीज 6 लाख 80 हजार येते. त्यापुढच्या सगळ्या बारीक होत जाणाऱ्या महिन्यांचं मोल धरलं तर एकूण 7 लाख 62 हजार. 6 लाख वजा जाता 1 लाख 62 हजार उरले. जाहिरात फायद्याची ठरली, पण जाहिरातवाला सांगत होता तितकी नाही. आणि पैसा पाण्यात गेला, हेही खरं नाही.

एवढी मोठी बेरीज दर वेळी करायची गरज नाही. गळती एका प्रमाणात होत असेल तर एक सोपं सूत्र आहे. पहिल्या महिन्याची कमाई घ्या. तिला महिन्याची गळती आणि महिन्याचं व्याज यांच्या बेरजेने भागा. आपल्या उदाहरणात गळती 0.30, व्याज 0.015, बेरीज 0.315. आता 2,40,000 भागिले 0.315 म्हणजे 7,61,905. वर काढलेलंच उत्तर.

व्याजापेक्षा गळती मोठी

या सूत्रातली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भागाकारात गळती आणि व्याज शेजारी शेजारी बसतात, एकाच पंगतीला. जाहिरातीच्या कमाईला दोघंही खातात. पण एकाचा घास तीस पैशांचा आहे आणि दुसऱ्याचा दीड पैशाचा.

व्याज दुप्पट करून पाहा. महिना 3 टक्के धरले तर मोल 7 लाख 27 हजार होतं, म्हणजे 35 हजारांनी घटतं. वितरकाने सगळे पैसे आणखी एक महिना उधारीवर ठेवले तर 11 हजारांचा फरक पडतो. आता व्याज पुन्हा दीड टक्का ठेवा आणि दर महिन्याला टिकणारं प्रमाण 70 ऐवजी 60 टक्के करा. मोल कोसळून 5 लाख 78 हजारांवर येतं आणि जाहिरात तोट्यात जाते. नफा-तोट्याची रेघ साडेएकसष्ट टक्क्यांवर आहे. दहांतली सात घरं परत आली तर फायदा, सहा आली तर तोटा. वटावाचा दर बारा टक्के धरायचा की अठरा, यावर बैठकीत तासभर वाद होतात आणि दर महिन्याला किती टक्के टिकतं हा आकडा कुणीतरी अंदाजाने टाकून देतो. कष्ट घ्यायचे ते या दुसऱ्या आकड्यावर.

हा आकडा केवळ जाहिरातीवर अवलंबून नसतो. मसाला चवीला उतरला नाही तर जाहिरात कितीही चांगली असो, घर परत येत नाही. आणि एप्रिलमध्ये दुकानात पाकीटच नसेल, तर परत येऊ इच्छिणारं गिऱ्हाईकही हातचं जातं. 6 लाखांची जाहिरात करून पुढच्या महिन्यात पुरेसा माल न पाठवणारा मालक स्वतःच गळती वाढवत असतो आणि दोष मात्र जाहिरातीला देतो.

वार्षिक आकडे फसवतात

गळती मोजताना होणारी सगळ्यात मोठी चूक कोणती, हे अमेरिकेतल्या एका जुन्या औषधाच्या वह्यांमधून शिकता येतं. मॅसेच्युसेट्स राज्यातल्या लिन या गावी लिडिया पिंकम कंपनी स्त्रियांसाठी एक वनस्पतिजन्य औषध तयार करत असे. धंद्याचा सारा भर जाहिरातीवर होता. 1907 ते 1960 या काळातल्या तिच्या विक्रीचे आणि जाहिरात खर्चाचे आकडे उपलब्ध झाले आणि क्रिस्तियन पाल्दा यांनी 1964 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच मुख्य उत्पादन, जाहिरात हेच प्रमुख हत्यार आणि अर्धशतकाहून लांब वही! जाहिरातीचा परिणाम कसा साठत आणि ओसरत जातो, हे तपासायला असा नमुना विरळाच. पुढे कित्येक संशोधकांनी त्यावर आपापली गणितं पारखून पाहिली.

पण वर्षाला एकच आकडा घेतला तर परिणाम वर्षानुवर्षं टिकतो असं दिसू लागतं. 1976 साली डॅरल क्लार्क यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. वार्षिक आकड्यांवरचे अभ्यास परिणाम फार लांबवून दाखवत होते, मासिक आकडे घेतले की तो आखूड होत होता. वारंवार विकत घेतल्या जाणाऱ्या, कमी किमतीच्या, जुन्या रुळलेल्या मालाच्या बाबतीत जाहिरातीच्या परिणामाचा 90 टक्के भाग तीन ते नऊ महिन्यांत संपतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या मसाल्याचं 70 टक्क्यांचं प्रमाण याच पट्ट्यात बसतं. त्यात 90 टक्के परिणाम साडेसहा महिन्यांच्या आत संपतो.

म्हणून जाहिरातीची कीर्ती पुढे पाच-दहा वर्षं कामी येईल, असं कुणी मसाल्याच्या पाकिटाबद्दल सांगितलं तर मासिक वही मागावी. दर महिन्याला 95 टक्के टिकतं असं धरलं, तर आपल्या सूत्रात त्याच जाहिरातीचं मोल 36 लाखांच्या पुढे जातं. कागदावर असा चमत्कार घडवायला एकच खोटा आकडा पुरतो.

उलट बाजूची चूक वार्षिक ताळेबंदात होते. हिशेबाच्या नियमांप्रमाणे जाहिरातीचा खर्च ज्या वर्षी झाला त्याच वर्षी पूर्ण टाकावा लागतो. आपल्या मालकाची जाहिरात मार्चची. 31 मार्चच्या हिशेबात 6 लाख खर्च लागले आणि कमाई लागली 2 लाख 40 हजारांची. बाकीची सगळी कमाई पुढच्या आर्थिक वर्षात गेली. ताळेबंद चुकीचा नाही, पण जाहिरात पुन्हा करावी की नाही, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी वेगळी वही लागते.

शेपटीवर किती विसंबायचं

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. सोलापूरचा खप कुठल्याही जाहिरातीशिवायही महिन्याला हजार-दीड हजार पाकिटांनी इकडे तिकडे होतोच. ऑगस्टमधली जास्तीची 1,681 पाकिटं या चढउतारात जवळपास हरवतात. त्यापुढचे महिने मोजता येत नाहीत, ते फक्त गणिताने पुढे ओढलेले असतात. आपल्या 7 लाख 62 हजारांपैकी 82 हजार या न दिसणाऱ्या शेपटीचे आहेत.

माझा नियम सोपा आहे. खर्च जर मोजता येणाऱ्या महिन्यांतच वसूल होत असेल, तर निर्णय भक्कम. आपल्या उदाहरणात तो पाचव्या महिन्यात होतो, म्हणून मी ही जाहिरात पुन्हा करायला सांगेन. वसुलीसाठी शेपटीचा आधार घ्यावा लागत असेल, तर ती जाहिरात अजून सिद्ध झालेली नाही. आणि दुसरी जाहिरात पहिलीचा परिणाम संपण्याआधी सुरू केली, तर दोघींचे आकडे मिसळतात आणि कुठलीच नीट मोजता येत नाही. पहिल्यांदा मोजताना निदान सहा महिने थांबायला हवं.

लहान धंदेवाल्यांना माझी एकच विनंती आहे. पुढची जाहिरात कराल तेव्हा एक जिल्हा, एक तालुका किंवा निदान गावाची एक पेठ कोरडी ठेवा. दोन्हीकडच्या दुकानांतला खप महिन्याच्या महिन्याला शेजारी शेजारी लिहा आणि सहा महिने लिहीत राहा. सहावी ओळ लिहून होईपर्यंत त्या जाहिरातीला यश म्हणू नका, अपयशही म्हणू नका.